सारे भारतीय माझे बांधव आहेत आणि बॅट्समन आउट

सातवीचं भूगोलाचं पुस्तक आईने वाड्यातल्या वरच्या काकूंकडून अर्ध्या किमतीत घेतलं, तेव्हाच ते पुढच्या जूनमध्ये कुणाला विकायचं हेही ठरलेलं होतं. मधल्या वर्षभरापुरता मी त्याचा भाडेकरू. खाकी कव्हर घालताना आईने बजावलं, "एक रेघ मारशील तर बघ. कोरं राहिलं पाहिजे." मला तरी त्या पुस्तकात कोरं असं एकच काही दिसत होतं, ते म्हणजे समास. पृष्ठं शहाण्णव. म्हणजे पानं अठ्ठेचाळीस. म्हणजे उजव्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस रिकामे प्लॉट!

पानं भराभर सोडली की हलताना दिसेल असा क्रिकेटचा खेळ मला त्या कोपऱ्यांत काढायचा होता. पहिला प्रयत्न मी सरळमार्गी मुलासारखा पहिल्या पानापासून केला आणि तिथेच फसलो. पहिल्या पानावर बॅट्समन काढला, पान उलटलं, तो गेला पाठीमागे. दुसरा काढायचा तो आठवणीने. दहाव्या पानापर्यंत माझा सडपातळ बॅट्समन आमच्या हेडसरांच्या अंगाचा झाला होता आणि क्रीज सोडून बोटभर वर तरंगत होता. सगळं खोडलं.

मग अक्कल आली. शेवटून सुरुवात करायची. शेवटच्या पानावर चित्र काढलं की त्यावर आधीचं पान पाडायचं. कागद पातळ, त्यामुळे खालचा बॅट्समन वर पुसटसा दिसतो. त्याचे पाय तसेच गिरवायचे आणि फक्त बॅट केसभर सरकवायची. डाव्या हातात पुस्तकाची पाठ धरून उजव्या अंगठ्याने पानं वाकवली आणि एकेक सोडत गेलं की शेवटचंच पान पहिल्यांदा पडतं, त्यामुळे गोष्टही शेवटून पुढे सरकते. हे तंत्र मीच शोधलं अशी माझी कित्येक वर्षं समजूत होती. पुढे कळलं की पानं फडफडवून चित्र हलवायच्या युक्तीचं पेटंट जॉन बार्न्स लिनेट नावाच्या इंग्रजाने १८६८ सालीच घेतलं होतं. त्याला बहुतेक जूनमध्ये पुस्तक विकायचं नसावं.

खरा छळ चेंडूने केला. बोलरने तो उंच उडवायचा, तो बॅट्समनच्या डोक्यावरून वळून स्टंपांवर उतरायचा, असा माझा बेत होता. मी पट्टी घेऊन दर पानाला बरोब्बर चार मिलिमीटर खाली असा चेंडू काढला. फडफडवून पाहिलं तर चेंडू पडतच नव्हता. विहिरीत कुणीतरी दोराने पोहरा सोडावा तसा सावकाश, अदबीने उतरत होता. बॅट्समनला तेवढ्यात घरी जाऊन चहा पिऊन येता आला असता.

दोन दिवस मी गच्चीवरून खडू खाली टाकत बसलो. शेवटी लक्षात आलं की वरती खडू रेंगाळतो आणि खाली येताना उधळतो. मग अंतरं बदलली. पहिल्या पानाला मिलिमीटरभर, पुढे तीन, मग पाच, सात, नऊ, अकरा. सहा पानांत छत्तीस मिलिमीटर. आता अंगठा सोडला की चेंडू असा काही आदळायचा की मीच डोळे मिटायचो. हे आकडे गॅलिलिओच्या नावावर आहेत हे नववीत समजलं. वर्गात सगळे सूत्र पाठ करत होते आणि मी एकटाच खूश होऊन मान डोलवत होतो. सरांना वाटलं, हा झोपतोय.

एक अडचण मात्र शेवटपर्यंत सुटेना. अठ्ठेचाळीस पानं चार सेकंदांत संपतात, म्हणजे सेकंदाला साधारण बारा. त्याहून फार हळू सोडली तर चित्रं सुटी सुटी दिसतात. पण या वेगात अंपायरने एकाच पानावर बोट वर केलं तर ते कुणालाच दिसत नाही, माशी गेल्यासारखं वाटतं. म्हणून मी सहा पानं नुसतं वर केलेलं बोट काढलं. अर्धा सेकंद निकाल. ही सहा पानं अर्थातच पुस्तकाच्या सुरुवातीची आली. त्यामुळे 'सारे भारतीय माझे बांधव आहेत' या ओळीच्या शेजारीच आमचा अंपायर एका भारतीयाला तंबूत पाठवत होता.

पकडला गेलो तो आवाजामुळे. बाई 'मोसमी वारे' शिकवत होत्या आणि माझ्या बाकावरून फर्रर्र. मॉनिटरने बाईंना नुसतं डोळ्यांनी दाखवलं. याबाबतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काय आहे रे ते? आण इकडे."

बाईंनी पुस्तक घेतलं आणि पानं फडफडवली, पण पुढून मागे. त्यांचा चेहरा गोंधळला. "आधी आउट, मग स्टंप उभे राहतायत, मग चेंडू वर चाललाय, हा कुठला खेळ?" मी घाबरत म्हटलं, "बाई, उलटं बघायचं." वर्ग हसला. बाईंनी उलटं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग खिडकीपाशी उजेडात जाऊन पाहिलं. "नो बॉल वाटतोय मला," असं पुटपुटल्या, आणि म्हणाल्या, "दाखव सगळ्यांना. एकेका बाकावर जाऊन. गडबड नको."

वर्गात छप्पन्न मुलं. चार सेकंदांच्या हिशोबाने चार मिनिटांत आटोपायला हवं होतं. पण चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं, बघणार एका वेळी फार तर तिघं, आणि प्रत्येकाला "परत एकदा" हवं. शिवाय घामेजल्या अंगठ्याला दोन-दोन पानं चिकटू लागली. तिसऱ्या बाकावर चेंडू हवेतून गायब होऊन थेट स्टंपांत उगवला आणि मुलींनी "चीटिंग" म्हणून ओरडा केला. मग कडा हाताने तिरकी सारून प्रत्येक पान किंचित पुढे काढायचं आणि पुन्हा सुरू. मोसमी वारे त्या दिवशी केरळातच अडकले.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. पेन्सिल. दर खेळाला अंगठा कोपऱ्यावरून घासत होता, पानं एकमेकांवर घासत होती. पाचव्या बाकापर्यंत बोलर सावळा झाला. आठव्या बाकावर खेळपट्टीवर ढग उतरले. शेवटच्या बाकावरची पोरं, जी मुळात माझी खरी गिऱ्हाइकं, डोळे ताणून बघत राहिली. त्यातला एक म्हणाला, "मस्त आहे रे. पाऊस आहे ना?"

"हो," मी म्हटलं.

मे महिन्यात आईने पुस्तक उघडलं. ओरडली नाही, नुसता खोडरबर समोर ठेवला. एक अख्खी दुपार मी अठ्ठेचाळीस कोपरे खोडले. कोपऱ्यांना पांढरा लवेसारखा भुगा सुटला, अंगठ्याला फोड आला, पण कागद कोरा झाला. काकूंच्या ओळखीच्या बाई आल्या, पानं चाळून म्हणाल्या, "छान ठेवलंय हो मुलाने." आईने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांचा मुलगा सोबत होता. व्यवहार चालू असताना तो दारातल्या तिरप्या उन्हात पुस्तक घेऊन उभा राहिला. मी पेन्सिल फार दाबून धरायचो. रेघा गेल्या होत्या, पण त्यांचे वळ कागदावर तसेच होते. त्याने कोपरा वाकवला. फर्रर्र.

मग त्याने हळूच एक बोट वर केलं.