पाठमोरा चालेल

लग्न ठरवताना आम्ही पत्रिका, पगार आणि रक्तगट तिन्ही पाहिलं होतं. त्याचं फेसबुकही मी गुपचूप पाहिलं होतं, पण तिथे पाहण्यासारखं काही नव्हतंच. प्रोफाइलला एक वडाचं झाड, आणि खाली वर्षानुवर्षांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. एकीलाही उत्तर नाही. मला वाटलं, माणूस साधा आहे. तो साधा नव्हता, बंद होता.

मी नेमकी उलट. माझ्या हातून कोथिंबीर वडी न फुटता तळली गेली तरी तीनशे माणसांना कळते.

पहिली ठिणगी पोह्यांवरून पडली. रविवारी सकाळी नवरा पोहे करतो. त्या रविवारी तो उलथन्याने कढईचं बूड खरवडत स्वतःशीच म्हणत होता, "करपले नाहीत, जरा लागलेत." मी ते बारा सेकंदांत टिपलं आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवलं. सोमवारी ऑफिसला निघताना गेटवरचे वॉचमनकाका त्याला म्हणाले, "काय साहेब, जरा लागले म्हणे?"

पार्सलसाठी काकांचा नंबर माझ्याकडे सेव्ह आहे आणि माझा त्यांच्याकडे. स्टेटस दिसायला एवढी सोयरीक पुरते. त्या रात्री नवऱ्याने माझी संपर्कांची यादी मागून घेतली आणि वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचली. गॅसवाला. भिशीच्या देशपांडेकाकू. पडदेवाला, जुना. पडदेवाला, नवा. "या सगळ्यांना," तो म्हणाला, "मी पोहे कसे करतो ते माहीत आहे."

मग वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच्या अटी तीन होत्या: चेहरा नको, आपण जिथे आहोत तिथून परत येईपर्यंत ठिकाणाचं नाव नको, आणि 'माझं पिल्लू' वगैरे मजकूर या जन्मी नको. मी म्हटलं, "मग उरलं काय? पाठ?" त्याने प्रश्न गंभीरपणे घेतला. दोन दिवस विचार केला आणि भाजी निवडता निवडता म्हणाला, "पाठमोरा चालेल."

तेव्हापासून माझ्या सगळ्या फोटोंत नवरा कुठेतरी निघून चाललेला दिसतो. समुद्राकडे, देवळाकडे, एकदा तर वडापावच्या गाडीकडे. माझ्या मैत्रिणीने शेवटी विचारलंच, "अगं, भांडण मिटलं का?" शिवाय पाठ म्हणजे ओळख लपवणं नव्हेच. डोक्यावरचं चंद्रबिंब त्याच्या वडिलांचं जसंच्या तसं आहे, सासरच्या कुणालाही एका नजरेत ओळखू येतं. पण हे त्याला मी सांगितलेलं नाही. ज्याला स्वतःची पाठ दिसत नाही त्याला कशाला दुखवा!

फोटो टाकण्याआधी तपासणी असते. तो फोटो दोन बोटांनी मोठा करून आधी गॉगलच्या काचा बघतो, मग चमचे, मग थर्मास. एकदा मी फक्त थालीपीठ आणि लोण्याचा गोळा असा निष्पाप फोटो दाखवला. त्याने शेजारचा स्टीलचा तांब्या मोठा केला. तांब्यावर, फुगलेल्या पोटाचा, खांद्यावर पंचा टाकलेला, तो स्वतः उभा होता. थालीपीठ रद्द झालं.

आणि तरीही डिसेंबरात आंजर्ल्याला मी माती खाल्लीच. कड्यावरच्या गणपतीहून खाली दिसणारा समुद्र, नारळीच्या बागा आणि कठड्याशी पाठमोरा नवरा. इतका सुरेख फोटो आला होता की परत येईपर्यंत थांबायचं भान राहिलं नाही. स्टेटसला टाकला, वर 'आंजर्ले!' असं लिहिलं, आणि मग आठवलं की दापोलीत त्याची आत्या राहते. दोन दिवसांची सुट्टी आत्याच्या ओटीवर जाऊ नये म्हणून तिला कळवलंच नव्हतं. मी तडक सेटिंगमध्ये गेले, 'हे संपर्क वगळून' निवडलं, आत्यांच्या नावापुढे खूण केली आणि सुटकेचा श्वास टाकला.

इथे एक गोम आहे, ती मी स्वखर्चाने शिकले. ते सेटिंग पुढच्या स्टेटससाठी असतं. जे आधीच टाकलंय, ते ज्यांच्यापर्यंत जायचं त्यांच्यापर्यंत गेलेलंच असतं. आधी वगळा आणि मग टाका. उलटं झालं असेल तर सेटिंगशी खेळू नका, स्टेटसच काढून टाका. मी काढलं नाही. वीस मिनिटांनी बघणाऱ्यांच्या यादीत आत्या होत्या. एकविसाव्या मिनिटाला नवऱ्याचा फोन वाजला. "अरे, आंजर्ल्यापर्यंत आलात, आणि दापोली काय विमानातून ओलांडलीत?"

दुसरा दिवस आम्ही आत्यांकडे घालवला. उकडीचे मोदक उत्तम होते. नवरा परतीच्या वाटेवर ताम्हिणी घाटापर्यंत बोलला नाही.

त्यानंतर मी शस्त्रं खाली ठेवली. चांगले पाच महिने आमच्या संसाराबद्दल चकार शब्द टाकला नाही. मे अखेरीस लग्नाचा नववा वाढदिवस आला, तोही कोरडा गेला. संध्याकाळी सातला आईचा फोन: "काही झालंय का गं?" साडेसातला मावशीचा: "तू ये हो इकडे चार दिवस, मोकळी हो." मग चुलत नणंदेने नवऱ्यालाच फोन लावला आणि पाऊण तास संयमाचं महत्त्व समजावलं. फोनवर बोलणं म्हणजे ज्याला दाढदुखी, त्याने त्या रात्री सात फोन घेतले. शेवटचा ठेवून तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी काहीतरी टाक. लहानसं."

म्हणजे जास्त टाकलं की गावात चर्चा आणि काहीच टाकलं नाही की घरोघर चौकशी. खासगी माणसालाही आडोसा म्हणून एक छोटा पडदा लागतोच. "पडद्यावरून आठवलं," तो म्हणाला, "परवा तू टाकलेला पडदा उसवलाय खालून." मी चमकले. बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव आजवर एकदाही आलेलं नाही! तेव्हा उलगडा झाला. त्याने निळ्या खुणा बंद ठेवल्यात. तसं केलं की आपण कुणाचं स्टेटस पाहिलं ते त्याला कळत नाही. इतकी वर्षं हा गृहस्थ माझं प्रत्येक स्टेटस बघत होता. बुरख्याआडून.

यंदा दहावा. फेसबुकवर टाकायचं ठरलं, कारण तिथे सगळे नातेवाईक एका फटक्यात निपटतात. फोटो: चहाचे दोन कप. स्टीलचं भांडं जवळपास नाही. मी मजकूर लिहिला, 'दहा वर्षांची गोड साथ'. 'गोड' त्याने काढलं. मग 'साथ' रोगाची वाटते म्हणून काढलं. मग 'वर्षांची'तून उगाच हिशेब लागतो म्हणाला. शेवटी उरलं ते टाकलं: 'दहा.'

पण मे महिन्याची अखेर म्हणजे निकालाचे दिवस. पहिली प्रतिक्रिया आत्यांची आली: "अरे वा, दहावी झाली! कोणाची?" पाठोपाठ देशपांडेकाकू: "अभिनंदन! टक्के किती?"

मी उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात खाली एक नवी ओळ उमटली. शेजारी वडाचं झाड होतं.

"काठावर पास."