सहा स्टेशनं

नकार तर्री पोह्यांवर घेऊ नये. मी घेतला. धीर यावा म्हणून दोनदा तर्री मागून घेतली होती. चण्यांच्या लालभडक रश्शात पोहे बुडाले होते, आणि मी बोलून बसलो.

तिनं चमचा खाली ठेवला. "अरे, तू मला मित्र म्हणून खूप आवडतो. पण तसं काही माझ्या मनात नाही. पुढंही होणार नाही, म्हणून आत्ताच सांगून देते."

यात "बघू" नव्हतं, "घरी विचारते" नव्हतं. लटकायला एक खुंटीही ठेवली नाही बाईनं. तरी जिभेवर 'काऊन?' आलंच. पण विचारलं असतं, तर तिला कारणं शोधावी लागली असती आणि मी वकिलासारखा एकेक खोडत बसलो असतो. म्हणून आधी मोठा घास कोंबला. मग म्हणालो, "बरं झालं सांगून दिलं. थोडे दिवस गप्प दिसेन, रागावलो समजू नको."

डोळ्यांत पाणी होतं. ग्लास सरकवत तिनं विचारलं, "तिखट लागलं का?"

"लागलं." खोटं नव्हतं.

इथवर अब्रू शाबूत. मग आठवलं, दोघांनाही एकाच मेट्रोनं घरी जायचंय. सीताबर्डीहून लोकमान्य नगरची गाडी. ती सुभाष नगरला उतरते, मी पुढं वासुदेव नगरला. म्हणजे सहा स्टेशनं शेजारी. ऑटो करावा असं फार वाटलं, पण मग रात्रभर तिनंच स्वतःला गुन्हेगार मानलं असतं. बसलो.

झांशी राणी चौक गेला, दोघंही खिडकीबाहेर. शंकर नगरला मी विचारलं, "तुमचा कूलर झाला का दुरुस्त?"

मे महिन्यातल्या नागपुरात या प्रश्नाला छोटं उत्तर नसतं. पंप जळाला होता, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या होत्या, मिस्त्री "निघालोच" म्हणून तीन दिवस निघत होता. सुभाष नगर आलं तरी मिस्त्री काही पोचला नव्हता. "चल, येते," म्हणून ती उतरली, नेहमीसारखी.

रात्री चौदा ओळींचा मेसेज लिहिला. शेवटची ओळ होती, 'तरीही मी वाट पाहीन.' वाचून पाहिलं, तर ते प्रेमपत्र कमी आणि थकबाकीची नोटीस जास्त वाटत होतं. पुसलं. उदास गाण्याचं स्टेटसही आवरलं. आमचा ग्रुप कमालीचा चौकस आहे.

पुढचा शनिवार बुडवला, त्याच्या पुढच्या शनिवारी पोह्यांना गेलो. ती माझ्याशी जपून बोलत होती, एकदाही टोमणा नाही. मला तेच लागत होतं. ग्रुपमधल्या बाकीच्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तेही मदतीला येईनात.

शेवटी पोहेवाल्यानं विचारलं, "भाऊ, डबल तर्री ना?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "साधीच द्या. याला झेपत नाही."