एक टिंब तर हलवायचंय

सोसायटीच्या गणेशोत्सव मंडळाने यंदा स्वयंसेवकांसाठी भरतकामाचे पॅच करायचं ठरवलं. एम्ब्रॉयडरीवाल्याने डिझाइन पंच करून एक सँपल पाठवलं. मरून कापड, सोनेरी अक्षरं, कडेला गोफासारखा जाड काठ. सगळं छान होतं, फक्त अक्षरं होती 'स्वंयसेवक'. अनुस्वार एक घर आधीच उतरला होता.

सेक्रेटरीकाका सँपल आणि त्याचा फोटो घेऊन माझ्याकडे आले. "तुला फोटोशॉप येतं ना? एक टिंब तर हलवायचंय. सभेला नुसता फोटो दाखवू, मंजुरी मिळाली की शिवून घेऊ."

टिंब मी हलवलं असतंही, पण त्याच संध्याकाळी सभेत अनुस्वार नक्की कशावर यावर पाऊण तास वाद झाला आणि तोडगा म्हणून शब्दच बदलला. आता 'कार्यकर्ता' हवं होतं. अनुस्वाराचा प्रश्न मिटला आणि दोन रफार उभे राहिले.

पहिल्या रात्री मी जुनी अक्षरं वेगळ्या लेअरवर उचलून ठेवली आणि फोटोतून पुसायला घेतली. त्यांच्या मागचं कापड ट्विल, म्हणजे अंगभर तिरक्या बारीक रेघा. शेजारचा तुकडा उचलून अक्षरावर लावला की रेघेला रेघ जुळायलाच हवी, एवढीशी सरकली तरी ठिगळ ओरडून सांगतं. ते जमलं तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते आणि हातात कोरा पॅच होता. मग सोनेरी रंगात 'कार्यकर्ता' टाइप केलं, त्यावर दोऱ्याच्या आडव्या रेघांचं टेक्स्चर चढवलं आणि खूश होऊन झोपलो.

सकाळी आईने चहा ठेवता ठेवता स्क्रीनकडे पाहिलं. "चटई कापून अक्षरं केलीस का?"

आईचा हात भरतकामात मुरलेला आहे. ती पॅच घेऊन खिडकीशी गेली आणि मला बोलावलं. "साटीन टाका कधी दांडीच्या लांबीने जात नाही, रुंदीने जातो. या काठावरून त्या काठावर. उभ्या दांडीत दोरा आडवा, शिरोरेषेत दोरा उभा. तू सगळीकडे आडवाच घातलास."

मग तिने पॅच हळूहळू फिरवला. उजेड डावीकडून येत होता. सरळ धरला की शिरोरेषा सलग झळाळायची आणि दांड्या काळपट वाटायच्या, फक्त त्यांच्या डाव्या अंगाला एक उजळ पट्टी. पॅच आडवा केला की उलट, दांड्या पेटल्या आणि शिरोरेषा विझली. दोरा एकच, रंगही एकच. आडव्या पडलेल्या बांगडीसारखं आहे हे: दोरा म्हणजे गुळगुळीत नळी, उजेड तिला आडवा भिडला तर अंगभर चमक, नळीच्या लांबीने आला तर चमक निसटून जाते. दांडीतला दोरा मधे फुगून कमानीसारखा वाकतो, म्हणून त्याची उजेडाकडची उतरण तेवढी चमकते.

एवढं ज्ञान मिळाल्यावर माणसाने शहाणं व्हावं. मी अतिशहाणा झालो. 'र्ता'ला काना हवा होता, शिरोरेषा लांबलचक पडली होती. तिचा तुकडा कापला, नव्वद अंशांत फिरवला, काना तयार! दोरे बरोबर आडवे. तरीही तो काना ट्यूबलाइटसारखा पेटलेला दिसत होता. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की दोऱ्याबरोबर मी उजेडही फिरवला होता. खिडकी डावीकडे, पण या एका कान्यापुरता सूर्य डोक्यावर. दुसऱ्या अक्षराचा तुकडा आरशासारखा उलटवला तर उजळ पट्टी उजवीकडे गेली. म्हणजे या धंद्यात उसनवारी चालते, पण दांडी दांडीकडूनच घ्यायची, आणि तीही न फिरवता, न उलटवता. 'य'ची दांडी मी दोन्ही कान्यांना दिली. 'क' जुन्या शब्दाच्या शेवटी होताच. तो दोनदा वापरला, मात्र दुसऱ्या वेळी मधले चार-पाच दोरे थोडे हलवले, नाहीतर दोन जुळ्या 'क'ना एकाच जागी एकच सुटलेला धागा दिसला असता.

लहान-मोठं करणंही बंद. पॅच ८० मिलिमीटर रुंद, माझ्या फोटोत १६०० पिक्सेल. म्हणजे मिलिमीटरला २० पिक्सेल. मशीनचे टाके साधारण ०.४ मिलिमीटरवर पडतात, म्हणजे एका दोऱ्याला ८ पिक्सेल. मी 'य' सत्तर टक्के केला तेव्हा दोरा साडेपाच पिक्सेलवर आला आणि शेजाऱ्यांत तो रेशमी रुमालातून आल्यासारखा दिसायला लागला. अक्षर लहान करायचं तर दोऱ्यांची संख्या कमी करायची, जाडी नाही.

सगळ्यात जास्त रक्त 'त'च्या वळणाने आणि रफाराने आटवलं. वळणावर दोरे पंख्यासारखे पसरतात, बाहेर विरळ, आत दाट, आणि चमक वळणाबरोबर उजळ ते काळी अशी हळूहळू सरकते. इथे उसना तुकडा नाहीच. मी सरळ पट्टीतला उजेड-अंधार काढून नुसत्या दोऱ्याच्या रेघा ठेवल्या, त्या वॉर्पने वळवल्या आणि चमक वेगळ्या लेअरवर हाताने रंगवली. दोरा जिथे उभा झाला तिथे उजळ, जिथे आडवा तिथे काळपट. शेवटी कड. सुई दोऱ्याला कापडात जिथे नेते तिथे कड करवतीसारखी दातेरी होते आणि उजव्या अंगाला बारीक सावली पडते. माझी कड ब्लेडने कापल्यासारखी होती. एकेक दात कोरत बसलो. चौथ्या रात्री आई म्हणाली, "आता शिवलेलं वाटतं." तिने आयुष्यात माझ्या स्वयंपाकाचंही एवढं कौतुक केलेलं नाही.

सभेत फोटो एकमताने मंजूर झाला. काकांनी तो एम्ब्रॉयडरीवाल्याला पाठवला. त्याचा फोन आला, "साहेब, हे कुठून शिवून आणलं? या मापात आमच्याकडे असा रफार निघत नाही. याची दांडी एक मिलिमीटरच्या आत आहे, सुई जवळजवळ पडून कापडच फाटेल."

रफार मीच नाजूक काढला होता, 'से'च्या मात्रेचं टोक ताणून. जाड करायचा तर शिरोरेषेवर जागा नव्हती. काकांनी सुस्कारा टाकला. "मग राहू दे 'स्वयंसेवक'च. एक टिंब तर हलवायचंय."

मी मूळ फोटो शोधायला लागलो आणि घाम फुटला. चार रात्री मी त्याच फाइलवर सेव्ह करत होतो, आणि शेवटी लेअरही एकत्र करून टाकले होते. आईला विचारलं, तो पॅच कुठाय? तिने शिवणाच्या डब्यातून काढून दिला. खिडकीपाशी धडा देऊन झाल्यावर तिला चुकीचा अनुस्वार बघवला नव्हता. तिने तो उसवून 'य'वर हाताने भरला होता, डब्यात सापडलेल्या पिवळ्या सुती दोऱ्याने.

मी त्याच खिडकीत नवा फोटो काढला, काहीही न करता, आणि काकांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं.

"छान. बाकी सगळं अगदी खरं वाटतंय. फक्त ते टिंब फोटोशॉप केल्याचं कळतं, चमकच नाही त्याला. तेवढं बघ ना."