मराठीतली सगळी दुखणी एका शब्दात कशी बसवावीत

गेल्या महिन्यात एका संस्थेसाठी रुग्णांकडून भरून घ्यायची प्रश्नावली मराठीत करून दिली. कुठे दुखतंय, कसं दुखतंय, अशी. 'कसं' खाली मी चार चौकटी केल्या होत्या: ठणकतं, ठसठसतं, चुरचुरतं, भगभगतं. कागद परत आला तेव्हा चारही शब्दांवर लाल रेघ होती आणि शेजारी सुवाच्य अक्षरात 'वेदना: तीव्र / मध्यम / सौम्य'. चौथी चौकट काढूनच टाकलेली. वेदनेला चौथी पायरी सापडली नसावी. समासात भाषातज्ज्ञांचा शेरा होता: 'नादानुकारी शब्द बाळबोध वाटतात, औपचारिक मजकुरात खटकतात. झटपट दुरुस्त करून पाठवावे.'

'खटकतात' आणि 'झटपट' हे दोन शब्द कुठून आले, असं मी विचारलं नाही. बिल अजून निघायचं होतं.

तर ज्यांना असंच भाषातज्ज्ञ व्हायचंय, त्यांच्यासाठी चार सूचना.

सुरुवातीला आधुनिक भाषाविज्ञानाचा जनक मानल्या जाणाऱ्या सोस्यूरचं नाव घ्यावं. वाचायची घाई नको. त्याचं प्रसिद्ध पुस्तक त्यानं स्वतः लिहिलेलंच नाही. 1913 मध्ये तो वारला आणि 1916 मध्ये त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांवरून ते इतरांनी सिद्ध केलं. त्यात एक पक्की गोष्ट आहे: शब्द आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक असतं. झाडाला 'झाड' म्हणावं असं झाडात काही नाही. बरोबर आहे, मान्य. मग 'धाडकन'सारख्या शब्दांचं काय, हा प्रश्न त्यालाही दिसला होता. त्याचं उत्तर असं की असे शब्द वाटतात त्याहून कमी असतात, तेही निम्मे रूढीनेच ठरतात आणि भाषेच्या रचनेचा ते खरा अवयव नसतात. त्यानं दिलेलं एक उदाहरण तर झकास आहे. फ्रेंचमध्ये चाबकाला 'फ्वे' म्हणतात, तिथल्या लोकांना त्यात फटकारा ऐकू येतो, पण शब्द आलाय बीच नावाच्या झाडाच्या लॅटिन नावावरून. कानाला भासतं ते मुळात असेलच असं नाही, हा धडा त्यातून घ्यायचा. तुम्ही मात्र एवढाच धडा घ्या की ठसठसणं मराठी नाही.

कोंबडा आपल्याकडे कुकूचकू करतो आणि फ्रान्समध्ये कोकोरिको, एवढं सांगून विषय संपवावा.

तिसरी सूचना जरा अवघड आहे, कारण तिच्यासाठी कान बंद ठेवावे लागतात. 'हे शब्द भाषेच्या काठावरचे, त्यांना व्याकरण नसतं' असं ठामपणे म्हणायचं आणि म्हणताना मराठी बोलायची नाही. कारण बोललात की पंचाईत. 'कड' घ्या. फांदी काडकन मोडली: एकदा, एका क्षणात. फांद्या कडाकड मोडल्या: एकामागून एक, पुष्कळ. विजांचा कडकडाट झाला: आता ते नाम आहे, त्याला विभक्ती लागते, 'कडकडाटाने' मूल जागं होतं. वीज कडाडली: क्रियापद, काळ-लिंग-वचनासकट. हे सगळे साचे आहेत. दुसरं अक्षर घाला, साचा तोच चालतो: धाडकन, धडाधड, धडधडाट. टप घ्या: टपकन एक थेंब, टपटप अनेक. आता एकच फांदी एकदाच मोडलेली असताना 'कडाकड मोडली' म्हणून बघा. जमत नाही ना? शब्द दुहेरी झाला की घटनाही दुहेरी-तिहेरी व्हायलाच हवी. रूपाचा आकार अर्थाच्या आकारासारखा आहे, आणि तो नुसत्या आवाजाच्या नकलेतून आलेला नाही, प्रत्ययांच्या शिस्तीतून आलाय. काठावरच्या भटक्या शब्दांना एवढी शिस्त कोणी लावली? पाणिनीला विचारा. अव्यक्त ध्वनीच्या अनुकरणाला डाच् प्रत्यय लावून 'पटपटाकरोति' करायचं सूत्र त्यानं अष्टाध्यायीत घातलंय. बाळबोध वाटलं म्हणून गाळलं नाही. आणि सोस्यूर संस्कृतचा जाणकार होता, तेव्हा तुम्ही त्याच्यामागे लपून मला पाणिनीबाहेरचं ठरवू नका!

असो. आवाज चढला.

त्याच 'कड'चं ऊन कडकडीत असतं. ऊन वाजत नाही. भूक कडकडून लागते, तीही वाजत नाही. ठसठसणाऱ्या गळवाला कान लावा, काही ऐकू येणार नाही. म्हणजे 'नादानुकारी' हे नावच अपुरं आहे. हे शब्द नुसती आवाजाची नक्कल करत नाहीत, अनुभवाचा नमुना हातात देतात. चमक, चिकटपणा, थरथर, पोटातली मळमळ. अभ्यासक यांना 'आयडिओफोन' म्हणतात. जपानीत, कोरियनमध्ये, आफ्रिकेतल्या कितीतरी भाषांत ते भरभरून आहेत. सोस्यूरसमोर होती ती मूठभर फ्रेंच उदाहरणं.

चौथी सूचना विरुद्ध पार्टीतल्या उत्साही मंडळींसाठी. माझा किस्सा ऐकून एका स्नेह्यांनी लगेच 'बूबा-किकी' पाठवलं. एक टोकेरी आकृती, एक गोलसर, किकी कोण? बहुतेक लोक टोकेरीकडे बोट दाखवतात. 1929 मध्ये मानसशास्त्रज्ञ कोलरनं 'ताकेते' आणि 'बालुमा' या बनावट शब्दांनी हेच मांडलं होतं, आणि 2022 मध्ये 25 भाषांच्या लोकांवर करून पाहिलं तेव्हा साधारण 72 टक्क्यांनी अपेक्षित जोडी लावली. 'म्हणजे प्रत्येक अक्षराला निसर्गदत्त अर्थ असतो!' असं स्नेही म्हणाले. हो ना. मग डच माणसाला विचारा 'मळमळ' म्हणजे काय. असा प्रयोग झालाय, मराठी सोडून: जपानी, कोरियन, सेमाई, सिवू आणि एवे भाषांतले आयडिओफोन डच लोकांना ऐकवले, दोन अर्थ दिले, एक निवडायला सांगितला. डोळे झाकून निवडलं तरी 50 टक्के बरोबर येतात. त्यांचे एकूण 60 लाही पोचले नाहीत. आवाजाचे शब्द त्यातल्या त्यात बरे ओळखले, बाकीच्यांत इशारा पुसट. मळमळ, तळमळ, हळहळ, कळकळ: चारींत तोच ळ, पण एक पोटाची, एक जिवाची, एक दुसऱ्याच्या नुकसानीची, एक आस्थेची. हे कुठलं अक्षर सांगणार आहे? ते आईकडून, आजीकडून, शेजारणीकडून शिकावंच लागतं. इशारा असतो, पण त्याच्या भरवशावर कोणी भाषा शिकत नाही. यादृच्छिकता खोटी नाही, फक्त एकटी नाही.

एवढं मान्य करायला काय जातं हो तुमचं?

आता सरळच बोलतो. कीड लागलेली दाढ ठणकते. पू धरलेलं गळू ठसठसतं. सोललेल्या कातडीला साबण लागला की चुरचुरतं. तळपाय भगभगतात. गावाकडची म्हातारी बाई यातला फरक डॉक्टरला एका शब्दात सांगते, आणि त्या शब्दानं डॉक्टरला कुठे बघायचं ते कळतं. तो शब्द तुम्ही तिच्या तोंडातून काढून घेतलात आणि हातात 'मध्यम' दिलंत. का, तर तो शब्द तुमच्या पुस्तकात तळटिपेत होता. तुम्ही सोस्यूर धड वाचला नाही आणि आईचं बोलणंही धड ऐकलं नाही. प्रश्नावली तशीच छापली गेली, बिलही निघालं. आता रात्री दोन वाजता तुमची दाढ उठू दे एकदा. उठवा बायकोला आणि सांगा, 'अगं, मला मध्यम स्वरूपाची वेदना होत आहे.'