व्हेस्लॉव्स्की दोन घरांत जातो

प्रतिक्रिया:
"मागच्या लेखात तुम्ही 'ॲना कारेनिना'तल्या लेव्हिनच्या कथेला 'मूळ कथेचं प्रतिबिंब' म्हणून डोक्यावर घेतलंत. मला ते अजिबात पटलं नाही. ॲनाचा संसार मोडतो आणि लेव्हिनचा जमतो, हे सांगायला एखादं प्रकरण पुरलं असतं. त्यासाठी निम्मं पुस्तक कशाला? प्रतिबिंब दाखवणारं उपकथानक म्हणजे लेखकाने एकच गोष्ट दोनदा सांगणं. संपादक कडक असता तर लेव्हिन कापला गेला असता."

उत्तर:

तुम्ही आक्षेप आडपडदा न ठेवता मांडलात, त्याबद्दल आभार. तो जुना आहे आणि वजनदारही आहे. ही कादंबरी पुरी झाल्यावर थोड्याच काळात, 1878 साली, रचिन्स्की नावाच्या परिचिताने टॉलस्टॉयना जवळपास हेच कळवलं होतं: दोन कथा शेजारी शेजारी चालतात, त्यांना एकत्र धरणारी बांधणी दिसत नाही. टॉलस्टॉयनी उत्तरात लिहिलं की मला अभिमान आहे तो याच बांधणीचा. कमानी अशा जुळवल्या आहेत की सांधा कुठे आहे ते कळू नये, आणि तो सांधा घटनांचाही नाही, पात्रांच्या ओळखीपाळखीचाही नाही.

लेखकाचा स्वतःबद्दलचा दाखला मी पुरावा मानत नाही. शिवाय सुरुवातीच्या मसुद्यांत लेव्हिन नव्हताच, तो नंतर आला. म्हणजे लेव्हिनशिवायची ॲना ही कल्पनेतली गोष्ट नाही, ती एकेकाळी कागदावर होती. म्हणून प्रश्न रास्त आहे: लेव्हिन आल्याने ॲनाच्या कथेत असं काय दिसू लागलं, जे आधी दिसत नव्हतं? सगळ्या कादंबरीचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा मी सहावा भाग घेतो, आणि त्यातही वासेन्का व्हेस्लॉव्स्की हे एकच दुय्यम पात्र. तुम्हाला तो कदाचित आठवतही नसेल.

लेव्हिनचं लग्न झालंय, किटीला दिवस गेलेत, गावाकडच्या घरात सासरची माणसं उन्हाळ्यासाठी उतरली आहेत. तिथे ॲनाचा भाऊ स्टिवा याच्याबरोबर हा व्हेस्लॉव्स्की येतो. किटीचा दूरचा नातेवाईक, देखणा, जाडसर, स्वभावाने भला, आणि डोक्यावर लांब फिती सोडलेली स्कॉच टोपी. तो किटीशी लाडीगोडीने बोलतो. त्यात वाईट हेतू असा नाही, तरुण बाईशी असंच बोलायचं असतं अशी त्याची समजूत. लेव्हिन मात्र जळतो. बायकोशी भांडतो, समेट होतो, मग शिकारीला जातो, परत येतो आणि पुन्हा जळतो. शेवटी तो सरळ व्हेस्लॉव्स्कीच्या खोलीत जातो. व्हेस्लॉव्स्की रपेटीला निघण्यासाठी पायांत गेटर चढवतोय. लेव्हिन हातातल्या काठीच्या चिरफळ्या मोडत सांगतो की तुमच्यासाठी गाडी जोडायला सांगितली आहे. पाहुणा गवत अंथरलेल्या गाडीतून हिसके खात रवाना होतो, डोक्यावर तीच टोपी. स्टिवा संतापतो, सासूबाई नाराज होतात, लेव्हिनला स्वतःची लाज वाटते. आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवळतं. किटीची थोरली बहीण डॉली हाच किस्सा तिसऱ्या-चौथ्यांदा रंगवून सांगते आणि ऐकणारीची हसून पुरेवाट होते.

आता पुढचं प्रकरण. ही डॉली म्हणजे स्टिवाची बायको, नात्याने ॲनाची भावजय. ॲना नवऱ्याला सोडून व्रॉन्स्कीबरोबर राहतेय, आणि डॉली लेव्हिनच्याच घोड्यांची गाडी घेऊन व्रॉन्स्कीच्या इस्टेटीवर तिला भेटायला निघते. वाटेत तिच्या मनात येतं की ॲनाने केलं ते बरंच केलं, मी मात्र पोरंबाळं आणि बाळंतपणं यांतच संपले. ती हेव्याने भरून पोचते. समोरून घोड्यांवर बसलेली मंडळी येतात. ॲना, व्रॉन्स्की, आणि करड्या घोड्यावर उडत्या फितींची स्कॉच टोपी घातलेला व्हेस्लॉव्स्की.

लेव्हिनने ज्याला काल-परवा घराबाहेर काढलं, तोच माणूस इथे तेच करतोय. जेवणाच्या टेबलावर ॲनाशी तीच लाडीगोडी, टेनिस खेळतानाही तीच. ॲना त्याला साथ देते. व्रॉन्स्कीचं वागणं मात्र लेव्हिनच्या अगदी उलट: तो या बडबडीला काडीचं महत्त्व देत नाही, उलट व्हेस्लॉव्स्कीच्या थट्टेला उत्तेजनच देतो. हा फरक निवेदक स्वतः नोंदवतो, पण एका वाक्यात, आणि पुढे जातो.

आता लेव्हिनची प्रकरणं काढून हाच प्रसंग वाचून पाहा. काय दिसतं? एक सुसंस्कृत, मोकळं घर. नवरेपणा न गाजवणारा पुरुष, खेळकर बाई, हलकाफुलका पाहुणा. व्रॉन्स्कीचा समंजसपणा आपल्याला आवडलाच असता. पण आपण लेव्हिनच्या घरून आलो आहोत, तेही डॉलीच्याच गाडीतून. तिथला अडाणी, लाजिरवाणा मत्सर आपण पाहिला आहे. त्यामुळे मनात प्रश्न उभा राहतो: इथे कुणीच का जळत नाही? आणि ॲनाला ही साथ द्यावीशी का वाटते? उत्तर कुणी सांगत नाही. पण स्वतःच्या लेकीला नेमके किती दात आले हे न सांगता येणारी ॲना, अवघड विषय निघाला की डोळे बारीक करण्याची तिची नवी सवय, आणि जास्त राहायचा बेत सोडून दुसऱ्याच दिवशी निघणारी डॉली, हे सगळं त्या प्रश्नाच्या उजेडात वाचलं जातं. परतताना लेव्हिनचा गाडीवान कुरकुरतो की एवढे श्रीमंत लोक, पण घोड्यांना ओट मोजून दिले. त्या कुरकुरीलाही एरवी अर्थ राहिला नसता.

तुम्ही म्हणता, एकच गोष्ट दोनदा सांगितली. माझं म्हणणं, एकच प्रसंग दोनदा घडवला आणि एक अट बदलली. लेव्हिनला हास्यास्पद होणं परवडतं. तो कितीही वेड्यासारखा वागला तरी किटी उद्या त्याची बायकोच असणार आहे, म्हणून भांडण बाहेर पडतं, फुटतं आणि संपतं. ॲना आणि व्रॉन्स्की यांना तो आधार नाही. त्यांच्या प्रत्येक भांडणाच्या तळाशी एकच सवाल असतो: मग आपण एकत्र राहायचं की नाही? म्हणून तिथे भांडणं टाळली जातात, आणि टाळता आली नाहीत की मिटत नाहीत. कादंबरीत हे असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन घरं ओळीने पाहिल्यावर ते कळतं.

सातव्या भागात हाच मत्सर पुन्हा येतो आणि या वेळी दोन्ही घरांत एकाच रात्री. संपूर्ण कादंबरीत लेव्हिन आणि ॲना एकदाच भेटतात. लेव्हिन भारावून घरी परततो. किटी त्याच्या डोळ्यांत ते ओळखते, रडते, म्हणते की तू त्या बाईच्या प्रेमात पडलास. पहाटे तीनपर्यंत बोलून दोघं झोपण्याइतपत सावरतात. लगेच पुढच्या प्रकरणात ॲना विचार करतेय की या संसारात रमलेल्या परक्या माणसावर माझी एवढी छाप पडते, मग 'तो'च माझ्याशी इतका थंड का? व्रॉन्स्की घरी येतो, भांडण होतं, आणि दोघांमध्ये काहीतरी वैर शिल्लक राहतं. किटीचं भांडण वाचून जेमतेम पान उलटलेलं असतं, म्हणून ॲनाचं भांडण इतकं लागतं. लेखकाने हे दोन प्रसंग शंभर पानांच्या अंतरावर ठेवले असते तर साम्य तेवढंच राहिलं असतं, परिणाम गेला असता. प्रतिबिंबाच्या उपकथानकात साम्य जुळवणं त्या मानाने सोपं असतं. खरी कसोटी जागेची असते: कुठल्या प्रकरणानंतर कुठलं.

तुमची तक्रार जिथे शंभर टक्के लागू होते अशी उदाहरणंही भरपूर असतात. समजा, मूळ कथेत आई मुलापासून त्याच्या जन्माचं सत्य लपवते. उपकथानकात तिचा भाऊ बायकोपासून कर्ज लपवतो. दोन्हीकडे सत्य फुटतं, दोन्हीकडे विश्वास तुटतो. असं हस्तलिखित वाचताना पहिली खूण ही दिसते की भावाचं प्रकरण सुरू झालं की पुढचं सगळं आधीच कळतं, कारण आईच्या कथेने ते सांगून टाकलेलं असतं. दुसरी खूण म्हणजे कुणीतरी पात्र म्हणतं, "तू आणि तुझा भाऊ, दोघं सारखेच." साम्य तोंडाने वदवून घ्यावं लागलं, की प्रसंगांतून ते पोचलेलं नसतं. इथे कापाकापी हवीच. पण त्याआधी मी एक करून पाहीन. बायकोला कर्जाचं पहिल्यापासून माहीत होतं आणि नवऱ्याची लाज राखायला तीच गप्प राहिली, असं केलं तर? आणि हे वाचकाला मुलाला सत्य कळण्याच्या आधी कळलं तर? आता मुलाच्या प्रत्येक गप्प बसण्याकडे वाचक संशयाने पाहील: यालाही माहीत आहे का? भावाच्या कथेची लांबी तीच, पण आईच्या कथेतली न बदललेली वाक्यंसुद्धा वेगळी वाचली जातील. असा बदल घडत नसेल, तर भाऊ एका परिच्छेदात आटोपावा.

'ॲनाचा मोडतो, लेव्हिनचा जमतो' या तुमच्या सारांशाबद्दलही एक. सातव्या भागाच्या शेवटी ॲना रुळांवर जीव देते. आठव्या भागात लेव्हिन सुखी आहे, निरोगी आहे, बाप झालाय, आणि गळफास घेऊ नये म्हणून दोरी लपवतो, स्वतःवर गोळी झाडू या भीतीने बंदूक घेऊन फिरायचं टाळतो. ज्याचा संसार 'जमला' त्याच्याही हाताशी तेच टोक आहे. लेव्हिनची कथा निव्वळ सद्गुणाचं बक्षीस असती, तर ही पानं लिहायची गरजच नव्हती.

एका ठिकाणी मात्र मी तुमच्या बाजूने आहे. तिसऱ्या भागातल्या शेतमजुरी आणि शेतीसुधारणेवरच्या लांबलचक चर्चा ॲनाच्या कथेत काहीच हलवत नाहीत. त्या लेव्हिनच्या डोक्याचं चित्र म्हणून वाचता येतात, रशियातल्या त्या काळाची नोंद म्हणूनही. पण प्रतिबिंबाच्या नावाखाली त्यांना मी सूट देणार नाही. त्यातली बरीच पानं संपादकाने मागितली असती तर मी देऊन टाकली असती. सहाव्या भागातल्या निवडणुकीबद्दल माझं मन इतकं ठाम नाही. ती लांबते खरी, पण लेव्हिन तिथे कंटाळतोय, व्रॉन्स्की रमतोय, आणि घरी एकटी ॲना लेक फार आजारी असल्याचं पत्र धाडून त्याला परत बोलावतेय. ती प्रकरणं निम्मी करता येतील, काढून टाकता येणार नाहीत.