राजीनाम्याची कथा लिहायची आहे? मग पेन्शनचं नाव काढू नका

तीस वर्षं एकाच कचेरीत काढलेला कारकून राजीनामा लिहायला बसतो, अशी कथा लिहायचं तुम्ही ठरवलंच असेल तर अभिनंदन. यंदाच्या कथास्पर्धेचा गठ्ठा वाचून झालाय, आणि त्या हिशोबाने नाशिक जिल्ह्यात एकही कारकून नोकरीवर उरलेला नसावा. तरी तुमचाही येऊ द्या. फक्त काही पथ्यं पाळा.

पाऊस हवाच. गोदेला पूर आणा, पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्यापर्यंत न्या.

मुलगा पुण्यात किंवा परदेशात ठेवा, म्हणजे तो मध्ये बोलणार नाही.

पत्र रात्री, एकट्याने, फाउंटन पेनने लिहायला लावा. ज्याचा जन्म इतरांच्या अर्जांत ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ शोधण्यात गेला, तो स्वतःच्या अर्जावर मात्र दोन्ही विसरतो असं दाखवा. सकाळी त्याने पत्र साहेबांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवून निघून जावं. बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर देणं, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेणं, असले क्षुद्र विचार त्याच्या मनात येता कामा नयेत. आयुष्यभर ‘पोच आहे का?’ हेच तर तो लोकांना विचारत आला, पण असू दे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. त्याच्याकडून राजीनामाच लिहून घ्या. ‘स्वेच्छानिवृत्ती’ हा शब्द कथेत चुकूनही येऊ देऊ नका, कारण तो आला की कथा कोसळते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ यातला नियम ४६ सांगतो की राजीनामा दिला की मागची सेवा गेली. परवानगीने दुसऱ्या सरकारी पदावर जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण तुमचा नायक घाटावर चाललाय. १९९५ ला लागलेला माणूस म्हणजे जुन्या पेन्शनचा. मूळ वेतन साठ हजार धरा. त्याच्या निम्मं पेन्शन, म्हणजे दरमहा तीस हजार आणि वर महागाई भत्ता, मरेपर्यंत. त्याच्या मागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. शिवाय उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. हे सगळं त्याने एका ओळीत सोडलं! हातात मुख्यतः काय राहिलं, तर जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कारण ते पैसे त्याचेच होते. तीच ओळ नियम ६६ खाली लिहिली असती, तीन महिन्यांची नोटीस नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या नावे दिली असती, तर सगळं मिळालं असतं. वीस वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा झाली की ही वाट मोकळी होते. याची तर तीस झालीत. आणि मुदतीत नकार आला नाही, तर निवृत्ती आपोआप लागू होते. आस्थापना शाखेतला शिपाईसुद्धा हे सांगेल. पण तुमच्या कारकुनाला ठाऊक नाही, कारण तुम्हाला ठाऊक नाही!

आणि हे पत्र तीस वर्षं पूर्ण झाली त्याच दिवशी? अहो, दहा, वीस, तीस वर्षांवर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, म्हणजे बढती न मिळताही वरचं वेतन मिळतं. तिसऱ्या लाभाचा आदेश यायच्या आत कुठला कारकून उठून जाईल? आदेश निघेल, वेतननिश्चिती होईल, मग तो पेन उचलेल. याला तुम्ही भित्रेपणा म्हणाल. घर चालवणारे याला हिशोब म्हणतात.

उपरोध पुरे झाला. तुम्ही आळशी आहात. सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी त्याच माणसासमोर उभे राहता, खिडकीतून त्याचा हात तेवढा बघता आणि घरी येऊन त्याच्या मनाचा तळ शोधता. खरी कथा नोटिशीच्या तीन महिन्यांत आहे. अर्ज गेल्यावर सेवापुस्तक वेतन पडताळणीसाठी काढलं जातं, आणि कळतं की एका वर्षाच्या सेवा पडताळणीची नोंदच नाही, आणि त्या वेळचा साहेब केव्हाच वारलाय. पानं मागे उलटली की नामनिर्देशनात अजून आईचं नाव. लग्नाआधी भरलेला फॉर्म, बदलायचा राहून गेलेला. दुसऱ्यांच्या नोंदी नीट लावणाऱ्याची स्वतःची नोंद अशी. त्यातच नोटीस मागे घेता येते, पण मंजुरी लागते, तीही निवृत्तीच्या तारखेआधी. रोज सकाळी मस्टरवर सही करताना तो काय ठरवत असेल? हे लिहा ना. पाऊस कशाला हवा?

नियम वाचायचा कंटाळा असेल, तर गल्लीतल्या एखाद्या निवृत्त अव्वल कारकुनाकडे जाऊन बसा. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत दाखवा म्हणा. त्याने ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली असेल, आणि कुठल्या पानावर किती वर्षं भांडावं लागलं ते न विचारता सांगेल.