पगार वाढवून मागताना माफी कशाला?

"ऑफर आल्यावर पगार किंवा तारीख बदलून हवी असेल तर मेलची सुरुवात सॉरीने करा. नेमका आकडा सांगू नका, रेंज द्या. लवकरात लवकर जॉइन होतो असं लिहा. ठाम लिहिलंत तर ऑफर हातची जाते." असा सल्ला दिला जातो.

सॉरी कशाबद्दल? ऑफर वाचून प्रश्न विचारणारे उमेदवार एचआरला रोज भेटतात. माफीने सुरुवात केली की नकार देणं सोपं होतं, कारण नाही म्हटलं तरी हा येणारच, असं वाटतं. आदर आभारातून दाखवा: "ऑफरबद्दल आभार. या टीममध्ये यायची माझी इच्छा आहे. सही करण्याआधी फिक्स्ड पगाराबद्दल बोलायचं आहे." मेल इंग्रजीत गेला तरी क्रम हाच ठेवा.

रेंजचा सल्ला सगळ्यात महागात पडतो. समजा ऑफर १२ लाख सीटीसीची आहे आणि त्यात १५ टक्के व्हेरिएबल, म्हणजे हमखास न मिळणारा, कामगिरीवर ठरणारा भाग आहे. म्हणजे फिक्स्ड १०,२०,०००, आणि त्यातही बऱ्याचदा कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो. तुम्ही "१२ ते १३ लाख अपेक्षित" लिहिलंत, की त्यांचा पहिलाच आकडा तुमच्या रेंजमध्ये बसला. बोलणं तिथेच संपलं. शिवाय नुसता सीटीसी वाढवून मागितला तर वाढ व्हेरिएबलमध्ये टाकता येते. म्हणून लिहा: "या पदासाठी लागणारा माझा अनुभव पाहता फिक्स्ड ११,२०,००० झाल्यास मी लगेच ऑफर स्वीकारीन." कारण कामाचं द्या, घराच्या हप्त्याचं नको. आणि नसलेली दुसरी ऑफर कधीच लिहू नका. तिचं पत्र मागितलं जाऊ शकतं.

"लवकरात लवकर" वाचून एचआर महिना-दीड महिना धरून चालतो. पुढे तारीख ढकलावी लागली की खरा वैताग येतो. त्यापेक्षा: "१ जूनला राजीनामा दिल्यास ९० दिवसांची नोटीस २९ ऑगस्टला संपते. १ सप्टेंबरला रुजू होईन. आधी मोकळीक मिळाली तर कळवीन." बायआउटचा, म्हणजे पैसे भरून नोटीसचे दिवस कमी करण्याचा विषय निघाला तर पैसे कोण भरणार हे विचाराच, पण सध्याच्या कंपनीची संमती गृहीत धरू नका. बऱ्याच नेमणूकपत्रांत तो निर्णय कंपनीकडेच असतो. आणि सुधारित ऑफर लेखी येईपर्यंत राजीनामा देऊ नका.

राहिली ऑफर जाण्याची भीती. तसं क्वचित घडतं, हे नाकारत नाही. पण "नाहीतर मी येणार नाही" अशी धमकी किंवा होकार दिल्यावर पुन्हा आकडा काढणं, यांनी संबंध बिघडतो. नेमक्या, सभ्य मागणीने सहसा नाही. कॅम्पसमधून घेतलेल्या फ्रेशर्सना मात्र बहुधा सगळ्यांना एकच पगार असतो, तिथे आकड्यावर जोर देऊन उपयोग नाही. इतरांना बजेट नाही असं उत्तर आलं तर एकदाच विचारावं: "फिक्स्ड वाढणार नसेल तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल, असं ऑफर लेटरमध्ये लिहून मिळेल का?" जॉइनिंग बोनस देऊ केला तर तो कधीपर्यंत नोकरी सोडल्यास परत करावा लागेल, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.